थेट दुसऱ्या वर्षाला

आमच्या ह्यांच्याशी मी अबोला याआधीही धरलेला आहे. पण तो आपला दुपारपर्यंतचा. जेवणाच्या ताटावर बसलं की 'मीठ दे' म्हणावंच लागतं आणि तिथे संपतं. यंदा श्रावणाच्या तोंडावर जो धरला, तो मात्र मनापासून धरला होता. माणूस वाईट असता तर निदान सोपं गेलं असतं. माणूस चांगला आणि वागला असं, म्हणून जास्त राग.

तर सांगते. आम्ही विरार पूर्वेला फुलपाड्यात राहतो. हे, म्हणजे आत्माराम, वालीवच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहेत. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवतात तिथे. लग्न करून मी आले तेव्हापासून तोच कारखाना, तीच पहिली-दुसरी पाळी. ह्यांनी दहावीनंतर रत्नागिरीला आयटीआय केलं, फिटरचं सर्टिफिकेट घेतलं आणि मामाच्या ओळखीने इकडे लागले. मीही त्याच भागात एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जाते, त्यामुळे कारखाना मला कोणी समजावून सांगायला नको.

ह्यांचं एकच दुखणं. मेंटेनन्सच्या खात्यात एक काचेची केबिन आहे आणि बाहेर एक लांब बाकडं. बाकड्यावर आयटीआयवाले, केबिनमध्ये डिप्लोमावाले. कॉलेजातून नुकतं बाहेर पडलेलं पोर यायचं, त्याला मशीन उघडतं कसं ते हे दाखवायचे, आणि वर्षाभरात ते पोर केबिनमध्ये बसून ह्यांच्याच कामाच्या कागदावर सही करायचं. पोरं वाईट नव्हती हो. काकाकाका करायची, दिवाळीला घरी यायची. एकदोघांच्या लग्नात आम्ही जेवून आलो. पण फोरमनची जागा जेव्हा जेव्हा निघाली, नोटीस लागली ती 'डिप्लोमा आवश्यक' अशीच. हे नोटीस वाचून घरी यायचे आणि पंख्याचं तेलपाणी नाहीतर मिक्सरची दुरुस्ती काढून बसायचे. आमच्या घरातला मिक्सर इतक्या वेळा उघडलाय की त्याच्या स्क्रूंना आता डोकीच उरली नाहीत.

म्हणून आमची लेक रेवा दहावी झाली तेव्हा ह्यांनी ठरवून टाकलं होतं, पोरगी डिप्लोमाच करणार. रेवाने मात्र आयटीआयचा फॉर्म भरला, इलेक्ट्रिशियन ट्रेडला. तिला तारा, मोटारी, पॅनेल असलंच आवडतं, आणि पुस्तकापुढे बसवली की मान दुखते. तेव्हा घरात आदळआपट झाली, पण पोरीने एक पळवाट दाखवली. म्हणाली, बाबा, आयटीआयची दोन वर्षं झाली की डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, पहिलं वर्ष माफ, तुमचा डिप्लोमा कुठे पळून जात नाही. त्या एका वाक्यावर हे तयार झाले. ते वाक्य त्यांनी जपून ठेवलं होतं हे मला नंतर कळलं.

रेवाने दोन वर्षं मन लावून केली. वर्गात जवळजवळ सगळे मुलगेच, दोघीतिघी मुली. मग एक वर्षाची अप्रेंटिसशिप मिळाली, ती नेमकी ह्यांच्याच कारखान्यात. तिला हाताखाली घेतलं फर्डिनंडने. फर्डिनंड म्हणजे तिथला जुना इलेक्ट्रिशियन, ह्यांचा जिवाभावाचा मित्र, राहायला वसईत, होळी नावाच्या गावात. घरची भाजीची वाडी आहे, त्यामुळे आमच्याकडे कधी वांगी, कधी मुळा त्याच्याच पिशवीतून येतात. हा गृहस्थ मेंटेनन्समधल्या प्रत्येकाला टोपणनाव ठेवतो. रेवाचं ठेवलं 'मॅडम टेस्टर'.

कारखान्यात बापाला काय म्हणायचं हा पहिला प्रश्न. सगळे म्हणतात आत्मारामकाका. रेवाही तिथे 'काका'च म्हणायला लागली. पहिल्या दिवशी घरी येऊन हे मला म्हणाले, माझी पोरगी मला काका म्हणते, ऐकून कसंतरीच झालं. मी म्हटलं, साहेब तर म्हणत नाही ना, मग झालं.

आता तिथली एक रीत सांगायला हवी, कारण रेवाचा जीव तिच्यात अडकला होता. कुठल्याही मशीनवर काम करायचं तर आधी पॅनेलचा मुख्य स्विच पाडायचा आणि त्याला स्वतःचं लाल कुलूप लावायचं. कुलपावर नावाची पट्टी, चावी एकच, ती ज्याचं कुलूप त्याच्या खिशात. आत हात घातलेला असताना कोणी चुकून मशीन चालू करू नये म्हणून. ते कुलूप दुसऱ्या कोणी उघडायचं नाही, केबिनमधल्या साहेबांनीही नाही. कुलूप मिळतं ते पक्क्या टेक्निशियनला. अप्रेंटिसला मिळत नाही, तो दुसऱ्याच्या कुलपाखाली काम करतो. रेवा वर्षभर फर्डिनंडच्या कुलपाखाली काम करत होती आणि घरी येऊन त्या लाल कुलपाबद्दल बोलत होती. इतर मुली बांगड्यांबद्दल बोलतात, आमची कुलपाबद्दल.

अप्रेंटिसशिप संपत आली आणि दोन गोष्टी एकदमच झाल्या. एक म्हणजे कारखान्यातले एक इलेक्ट्रिशियन रिटायर झाले आणि त्यांच्या जागेसाठी नोटीस लागली: टेक्निशियन, पक्की नोकरी, दोन वर्षांचं आयटीआय आणि अप्रेंटिसशिप हवी, सोमवारी ट्रेड टेस्ट. अशी जागा तिथे कित्येक वर्षांत निघाली नव्हती, सगळी भरती कंत्राटावर चाललेली. दुसरी गोष्ट म्हणजे रेवाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची सीट लागली. तो फॉर्म ह्यांनी जूनमध्येच तिच्याकडून भरून घेतला होता. ती तेव्हा 'बघू' म्हणाली होती. हे त्याला 'हो' समजले. घरातला बाप आणि पोरगी यांच्यातली निम्मी भांडणं या 'बघू'वरूनच होतात.

सीट लागल्याचा मेसेज आला त्या संध्याकाळी हे पेढे घेऊन आले. रेवाने पेढा खाल्ला आणि शांतपणे सांगितलं की ती सोमवारी टेस्टला बसणार आहे. पेढा ह्यांच्या हातातच राहिला.

त्या रात्री दोघं बोलले ते मी भाकऱ्या थापत ऐकत होते. दोघांचंही बरोबर होतं, हीच पंचाईत. हे म्हणत होते, आयटीआयवर लागलीस की बाकड्यावरच म्हातारी होशील, माझ्याकडे बघ. रेवा म्हणत होती, डिप्लोमा करून आले तर हे लोक मला एक वर्षाची ट्रेनी म्हणून कंत्राटावर घेणार, पुढचं पुढे, आणि या टेक्निशियनच्या जागेला तर विचारणारच नाहीत, कारण डिप्लोमावाला बाकड्यावर टिकत नाही, त्याला केबिन हवी असते. आत्ता डिप्लोमाला गेले तर हे दार बंद होतं. आत्ता नोकरी धरली तर डिप्लोमाचं दार उघडंच राहतं, आयटीआय काही शिळं होत नाही. हे म्हणाले, सगळे असंच म्हणतात आणि कोणी परत शिकायला जात नाही. ते खोटंही नव्हतं, कारण ह्यांनी स्वतःच तसं करून दाखवलं होतं.

विषय तिथेच राहिला असं मला वाटलं. माझी चूक. आमचे हे विषय सोडत नाहीत, फक्त खोली बदलतात.

शनिवारी फर्डिनंड भाजीची पिशवी घेऊन आला. हे आंघोळीला गेले होते. त्याने पिशवी ओट्यावर ठेवली, पाणीसुद्धा मागितलं नाही आणि म्हणाला, वहिनी, रेवाने टेस्ट का सोडली? मी म्हटलं, कोणी सोडली? तो गोंधळला. मग त्याने सांगितलं ते असं. कारखान्याचे मेंटेनन्स मॅनेजर संग्रामसर, भला माणूस, चहाच्या वेळी बाकड्यावर येऊन बसतो. त्यांच्याशी बोलता बोलता ह्यांनी सांगून टाकलं होतं की रेवा डिप्लोमाला चालली आहे, तिचं नाव टेस्टमधून काढा. बापच सांगतोय म्हटल्यावर सरांनी काढलं. झालं.

मी रेवाकडे बघितलं. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तिने ऐकलं होतं. हातातला ओढणीचा पिळा तिने तसाच दोरीवर टाकला आणि आत येऊन खुर्चीवर बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

हे टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. फर्डिनंडला बघून खूश झाले, मग आमच्या तोंडाकडे बघून समजले. मी काय बोलले ते सगळं सांगत नाही. थोडक्यात एवढंच की पोरीच्या तोंडचा घास काढायचा तो सुद्धा तिच्याच भल्याच्या नावाने, हे मला ह्या घरात चालणार नाही. हे म्हणाले, मी तिच्या भल्यासाठीच केलं. आणि आवाज चढवून म्हणाले, सही करणारा आणि सही घेणारा यांतला फरक तुम्हाला माहीत नाही, मला माहीत आहे.

तेव्हा रेवा बोलली. आवाज चढवला नाही.

"बाबा, डिप्लोमा मला नकोय असं नाही. पण आज तो तुम्हाला हवाय. मला कुलूप हवंय. मग ज्याला जे हवंय ते त्याने करावं ना. तुमचंही आयटीआय आहे. थेट दुसऱ्या वर्षाला तुम्हालाही प्रवेश मिळतो."

शेजारच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी झाली. फर्डिनंड जमिनीकडे बघत उभा होता. हे हसण्यासारखं काहीतरी करू गेले, पण जमलं नाही. शर्ट चढवला आणि जिन्याने खाली गेले. मी जेवण केलं, वाढलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. हे मीठ शोधत होते, ते कुठे आहे तेही मी सांगितलं नाही.

रविवारी हे सकाळीच स्कूटर काढून कुठेतरी गेले. कुठे ते मला फर्डिनंडकडून कळलं. होळीला गेले होते. फर्डिनंड चर्चमधली मिसा, म्हणजे रविवारची प्रार्थना, आटोपून आला तर हे वाडीच्या बांधावर बसलेले. त्याने ह्यांना मुळे उपटायला लावले म्हणे. आमच्या घरात कोथिंबीर निवडायला सांगितली तर हे टीव्हीचा रिमोट दुरुस्त करायला बसतात, तिथे मात्र निमूट मुळे उपटले. बऱ्याच वेळाने ह्यांनी विचारलं, ती म्हणते ते खरं असेल का रे, या वयात? फर्डिनंड म्हणाला, माझा पुतण्या प्लासिड करतोय की. दिवसा एका कारखान्यात वेल्डरची नोकरी, संध्याकाळी कॉलेज. हायवेकडच्या एका खासगी कॉलेजात नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळची वेगळी बॅच आहे. दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय हवं, नोकरीचा अनुभव हवा, आणि कंपनीचं ना हरकत पत्र. वयाचं कोणी विचारत नाही. यावर हे एवढंच म्हणाले की अनुभव आहे थोडासा. फर्डिनंड मला हे सांगताना इतका हसला की त्याला ठसका लागला.

पण मला त्या दिवशी यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की सोमवार उजाडला आणि पोरगी गणवेश घालून, केस घट्ट बांधून अप्रेंटिसच्या रोजच्या कामाला निघाली आहे, जसं काही टेस्ट तिच्यासाठी नव्हतीच. हे तिच्या आधीच निघून गेले होते. मीही माझ्या कामावर गेले, आणि दिवसभर बाटल्यांऐवजी पोरीचं तोंड डोळ्यापुढे.

त्या सकाळी काय झालं ते मी तिघांकडून ऐकलंय, म्हणून खात्रीने सांगते. हे पाळी सुरू व्हायच्या आधी केबिनबाहेर जाऊन उभे राहिले. आत एक मुलगा बसला होता, देवेश नावाचा, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाईल. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, चांगले मार्क. तो संग्रामसरांना विनवत होता की मला टेक्निशियनच्या टेस्टला बसू द्या, मी बाकड्यावर काम करीन, कुठेही पक्की नोकरी मिळत नाही. सर म्हणाले, अरे, जागा आयटीआयची आहे, नोटीस तशीच लागली आहे, आणि खरं सांगू का, तू सहा महिन्यांत बरी जागा मिळाली की जाशील आणि मला पुन्हा माणूस शोधावा लागेल. तुझं नाव ट्रेनी इंजिनिअरच्या भरतीसाठी ठेवतो, ती निघाली की बोलावतो. मुलगा बाहेर आला. ह्यांच्या बाजूने जाताना 'नमस्कार काका' म्हणाला. ओळख ना पाळख.

हे म्हणतात, त्या पोराकडे बघून मला पहिल्यांदा कळलं की दार खरंच दोन्हीकडून बंद होतं: आयटीआयवाल्याला केबिन नाही आणि रेवा म्हणत होती तसं डिप्लोमावाल्याला बाकडं नाही.

मग हे आत गेले. आयुष्यात साहेबासमोर हे फक्त मशीनबद्दलच बोललेले आहेत. तिथे उभं राहून म्हणाले, सर, मी चुकीचं सांगितलं होतं. पोरीने मला सांगितलं नव्हतं, मी माझ्या मनाने बोललो. तिला टेस्टला बसायचं आहे. सर म्हणाले, काका, मुलं बाहेर बसली आहेत, आता नाव घातलं तर लोक म्हणतील घरचं माणूस म्हणून घातलं. हे म्हणाले, मग तिला सगळ्यात शेवटी घ्या, आणि तपासायला फर्डिनंड नको, मी तर नकोच, दुसऱ्या युनिटचा माणूस बोलवा. सरांना हे पटलं. त्यांनी फोन लावला आणि गोखिवऱ्याच्या युनिटमधल्या एका वयस्कर चार्जहँडला, म्हणजे फोरमनच्या हाताखालच्या मुकादमाला, बोलावून घेतलं.

रेवाला बोलावलं तेव्हा ती कंप्रेसरच्या खोलीत फर्डिनंडबरोबर होती. तिला वाटलं काहीतरी बिघडलंय.

टेस्ट अशी होती. एका लाकडी बोर्डावर स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी करायची आणि मग मुद्दाम बिघडवलेल्या एका पॅनेलमधला दोष शोधायचा. मोठी मोटार एकदम पूर्ण जोराने सुरू केली तर करंट फार ओढते, म्हणून आधी एका जोडणीवर हळू उचलायची आणि वेग घेतला की दुसऱ्या जोडणीवर टाकायची, ते काम हा स्टार्टर करतो. रेवाने मला पोळी लाटताना कणकेच्या गोळ्यांनी समजावलं होतं, त्यामुळे माझ्याही डोक्यात बसलंय. बोर्डाची जोडणी तिने नीट केली. बाकीच्या मुलांनीही केली होती, त्यातल्या एकाची तर तिच्याहून देखणी होती असं ती स्वतःच सांगते.

दुसऱ्या भागात पॅनेलसमोर उभी राहिली, स्विच पाडला आणि थांबली. चार्जहँड म्हणाले, काय झालं, कर सुरुवात. ती म्हणाली, सर, कुलूप पाहिजे. ते म्हणाले, टेस्ट आहे, इथे कोणी येत नाही. ती म्हणाली, टेस्ट आहे म्हणूनच. तुम्ही मला हात घालायला सांगताय, कुलपाशिवाय मी घालणार नाही. माझं कुलूप नाही आणि फर्डिनंड अंकलचं मागता येत नाही, ते त्यांचं आहे.

संग्रामसर बाजूलाच उभे होते. ते केबिनमध्ये गेले, कपाटातून एक नवं कोरं लाल कुलूप आणलं आणि तिच्या हातात दिलं. तिने ते लावलं, चावी खिशात टाकली, टेस्टरने पुरवठा खरंच बंद आहे का ते पुन्हा बघितलं आणि मग आत हात घातला. कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटारीला वीज जोडणाऱ्या स्विचच्या, कॉइलची एक तार सैल करून ठेवली होती आणि एक फ्यूज उडालेला होता. तार तिला लगेच सापडली, फ्यूजने घाम काढला. पण सापडला.

हे तेव्हा लांब, मोल्डिंग मशीनच्या मागे उभे होते. ऑपरेटर सांगत होता की काका एकच नट किती वेळ पुसत होते कोण जाणे.

जागा रेवाला मिळाली. ते लगेच कळलं नाही, आठवडा गेला, वरच्या ऑफिसातून उत्तर यायचं होतं, आणि तो आठवडा मी देवाला काय काय कबूल केलं ते देवालाच माहीत. आधी सहा महिने प्रोबेशन, मग पक्की. डिप्लोमाची सीट तिने सोडली. सोडताना ह्यांच्यासमोर मोबाइल धरून म्हणाली, बाबा, सोडू? ह्यांनी मान डोलावली. रुजू झाली त्या संध्याकाळी ती ते लाल कुलूप मला दाखवायला घरी घेऊन आली, खरंतर आणायचं नसतं. नावाच्या पट्टीवर तिने स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलं होतं. मी ते कुलूप हातात घेतलं आणि मला एकदम रडूच कोसळलं. पोरगी म्हणाली, आई, अगं कुलूप आहे ते.

माझा अबोला सोमवारी रात्रीच सुटला होता. हे घरी आले, जेवायला बसले आणि मीठ मागितलंच नाही. नुसते आळणी जेवत होते. मीच वाटी पुढे सरकवली आणि म्हटलं, सरांशी बोललात ते कळलं मला. हे म्हणाले, अजून एक बोललोय. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. संध्याकाळच्या बॅचची माहिती. आणि खाली मान घालून म्हणाले, ना हरकत पत्र देतो म्हणालेत सर, पण कायम पहिली पाळी द्यावी लागेल, बाकीचे फिटर कुरकुर करतील. तू काय म्हणतेस?

मी काय म्हणणार? पन्नाशी उलटलेला माणूस जेवणाच्या ताटावर बसून शाळेत जाऊ का विचारत होता. मी म्हटलं, जा, पण नापास झालात तर मिक्सरला हात लावू देणार नाही.

कुरकुर झालीच. दुसरे दोन फिटर म्हणाले, आम्ही का कायम दुपारची पाळी ओढायची. फर्डिनंडने त्यांच्याशी काय बोलणं केलं माहीत नाही, पण पुढे बरेच दिवस त्या दोघांच्या घरी होळीची भाजी जात होती. संग्रामसरांनी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली. काका, आत्ताचे फोरमन दोनेक वर्षांनी रिटायर होतील. जागा तुम्हालाच मिळेल असं वचन देत नाही. पण नोटीस लागेल तेव्हा तुम्हाला अर्ज करता येईल. हे मला सांगताना ह्यांनी 'अर्ज करता येईल' हे शब्द दोनदा उच्चारले.

अभ्यासाची गंमत वेगळीच. पहिलं वर्ष माफ म्हणजे त्या वर्षातलं गणित माफ असं ह्यांना वाटलं होतं. तसं नसतं, ते येतंच आहे असं धरून पुढचं शिकवतात. आता रात्री जेवणानंतर रेवा ह्यांना त्रिकोणमिती शिकवते. चुकलं की कारखान्यातल्या सवयीने 'अहो काका' म्हणते आणि दोघं हसत सुटतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मी भांडी घासताना ऐकत असते. बरं वाटतं.

पहिल्या दिवसाचं तेवढं सांगायचं राहिलं. पाळी संपवून हे घरी आले, आंघोळ केली, रेवाने तिची जुनी आयटीआयची बॅग रिकामी करून दिली होती ती पाठीला लावली. मी दही-साखर हातावर ठेवली. जिन्यात शेजारच्या बाईंनी विचारलं, काय हो, गावाला का? हे हो म्हणाले. अजून धीर झाला नव्हता.

सहाच्या सुमाराला माझा फोन वाजला. ह्यांचाच. मला वाटलं परत येतायत. म्हणाले, कॉलेजच्या गेटवर आहे, वॉचमन आत सोडत नाही. तो म्हणतो पालकांची मीटिंग शनिवारी आहे, आज विद्यार्थ्यांनाच प्रवेश. मी काय सांगू त्याला?

मी काही बोलणार तेवढ्यात शेजारी कान लावून उभ्या असलेल्या रेवाने फोन माझ्या हातातून घेतला, स्पीकरवर टाकला आणि म्हणाली, "काय सांगू म्हणजे? आहे ते सांगा, बाबा."

पलीकडून हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येत होता. मग ह्यांचा आवाज आला, आमच्याशी नव्हे, त्या वॉचमनशी, आणि असा मोठ्याने की आमच्या स्वयंपाकघरात घुमला.

"मी पालक नाही. विद्यार्थी आहे. थेट दुसऱ्या वर्षाचा."

वॉचमन 'सॉरी साहेब' म्हणाला. गेट सरकल्याचा आवाज आला. फोन बंद करायचं हे विसरले, त्यामुळे आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत राहिलो, कॉरिडॉरमधून चालत गेल्याचा, मग बाक ओढल्याचा.